सेन्सर उत्तर देत होता

शेळगावच्या तात्यांचा फोन आला तेव्हा ते उसात चर खणायला माणसं बोलावून बसले होते. ठिबकच्या कंट्रोलरला जमिनीतला ओलाव्याचा सेन्सर उत्तर देत नव्हता. कंपनीच्या इंजिनिअरने बारामतीच्या ऑफिसात बसूनच निदान केलं होतं: पुरलेली केबल खराब आहे, उकरून काढा. केबल उभ्या उसाखालून गेलेली. चर खणायचा म्हणजे तेवढा ऊस आडवा करायचा.

जळोचीत माझं कंट्रोलर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मी तात्यांना सांगितलं, मी येईपर्यंत कुदळ लावू नका. काय आधी आणि काय नंतर तपासायचं, ते नेहमीप्रमाणे लिहून घेऊन निघाले.

पहिलं काम, केबल वगळणं. सेन्सर उपसून कंट्रोलरच्या पेटीपाशी आणला, हातभर वायरने जोडला. तरी स्क्रीनवर तेच, ‘प्रतिसाद नाही’. म्हणजे दोष केबलचा नव्हता. उभं पीक खणायला सांगण्याआधी एवढं तरी करून बघावं की नाही? इंजिनिअरला कळवलं, तर म्हणाला, मग सेन्सर गेला असेल, नवा घ्या.

मी लॉजिक अ‍ॅनालायझर काढला; तारांवरचे सिग्नल तो लॅपटॉपवर रेघांनी दाखवतो. एक क्लिप कंट्रोलर ज्या पिनवरून प्रश्न पाठवतो तिथे; दुसरी, लाइन त्याने धरली की सोडली हे ठरवणाऱ्या पिनवर; तिसरी, त्याच तारांवर नुसतं ऐकणारा एक वेगळा बोर्ड मी जोडला होता, त्याच्या आउटपुटवर. या जोडतारेवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. प्रश्न संपला की कंट्रोलरने लाइन सोडायची.

लॅपटॉपवर प्रश्नाचा शेवटचा बाइट संपला. दुसऱ्या क्लिपची रेघ लगेच खाली यायला, म्हणजे लाइन सुटायला हवी होती, ती वरच राहिली. तेवढ्यात सेन्सरने उत्तर सुरू केलं. त्याचे पहिले बाइट विस्कटलेले, मग रेघ खाली आली आणि उरलेले स्वच्छ. असं तुटकं उत्तर कंट्रोलर टाकून देत होता आणि वर सेन्सर गप्प असल्याची तक्रार करत होता. तात्यांना विचारलं, तर कंपनीने नुकतंच लांबून कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदललं होतं.

तात्या म्हणाले, “म्हंजी हाच गप बसंना, आन म्हनतोय समोरचा बोलत न्हाय. आमच्या सोसायटीची मीटिंगच हाय की ही.”

या रेघांचं चित्र पाठवल्यावर कंपनीने मुकाट्याने जुनं सॉफ्टवेअर परत घातलं. पुन्हा पाहिलं: प्रश्न संपताच रेघ खाली, उत्तर अख्खं. ओलाव्याचा आकडा आला. माणसं न खणताच घरी गेली.

मग तात्यांच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला: ‘ग्राहकाच्या केबलमधील दोष दूर केला.’

तात्या म्हणाले, जाऊ द्या ताई, चाललं ना. मी नाही जाऊ दिलं. इंजिनिअरला फोन लावून विचारलं, “केबल उकरायला आणखी कुणाला सांगितलंय?”

तो म्हणाला, “कन्हेरीत दोघांना. एकाची उकरून झाली.”

“दुसऱ्याचा नंबर द्या,” मी म्हणाले. “आत्ता.”