गळ्याची गाठ आणि दुधातले थेंब

दीड वर्ष गोळ्या घेतल्या, डॉक्टरांनी त्या थांबवल्या, आणि पुढचा उन्हाळा यायच्या आधीच माझी छाती पुन्हा धडधडायला लागली. हात असे थरथरायचे की फळ्यावरची ओळ नागमोडी जायची. वर्गातल्या मुली हसायच्या, मग मीही हसून घ्यायची. दुप्पट जेवूनही मी वाळत चालले होते. आमचं धान्याचं दुकान, त्यामुळे येणारं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, सूनबाईला पोटभर घालता ना? माझ्या सासूबाईंना याचा फार राग यायचा.

सरकारी दवाखान्यातल्या सर्जनना मी सरळच सांगितलं, मला मूल हवंय आणि आता थांबवत नाही. ते म्हणाले, गळ्यातली थायरॉइडची गाठ जास्त काम करतेय, तिला आवरल्याशिवाय दिवस राहणं बरं नव्हे. गोळ्या पुन्हा सुरू करता येतील, पण एकदा उलटलेला आजार परत उलटायचीच शक्यता जास्त. मुंबईला किरणोत्सारी आयोडीन पाजतात, कापाकापी नाही. मात्र ते घेतल्यावर बरेच महिने मूल होऊ द्यायचं नाही, आणि पुढे गाठ अगदीच मंदावली तर जन्मभर दुसऱ्या गोळ्या. मूल हवं असलेल्या तरुण बाईला आम्ही ते शक्यतो देत नाही, असंही म्हणाले. राहिलं ऑपरेशन. गाठीचा बराचसा भाग काढायचा. आवाजाची शीर तिथून अगदी जवळून जाते, हे त्यांनी लपवलं नाही.

मी मास्तरीण. आवाज गेला तर नोकरी गेली. तरी घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

नवरा म्हणाला, तुला पटेल ते कर. हे वाक्य तो साडी घेतानाही म्हणतो. सासूबाई मात्र हटून बसल्या. आम्ही त्यांना अत्ते म्हणायचो. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि भांडण दोन्हींत. "मुंबईला औषध पिऊन बरं होतंय तर मान कशाला कापून घ्यायची?" एवढंच त्या म्हणायच्या. नातवंडासाठी मीच घायकुतीला आलेय आणि यांना काहीच नाही, याचं मला वाईट वाटायचं.

पुन्हा सुरू केलेल्या गोळ्यांनी आधी नाडी ताळ्यावर आणली. मग ऑपरेशनच्या काही दिवस आधी सर्जननी एक बाटली दिली. तपकिरी थेंब, दिवसातून तीनदा दुधातून घ्यायचे. चव अशी, की गंजका खिळा चोखावा. दूध अत्तेच द्यायच्या. बाटलीवर काय लिहिलंय, ते त्यांनी दुकानातल्या दिवाणजीकडून वाचून घेतलं आणि तरातरा माझ्याकडे आल्या. "आयोडीनच हाय की हे. घरातच मिळालं. आता मुंबई बी नको, ऑपरेशन बी नको." थोड्या दिवसांत गळ्याची गाठ घट्ट झाली, मला शांत झोप लागू लागली, आणि अत्तेंनी गल्लीभर सांगून टाकलं की सून बरी झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या, त्या मला परत घेऊन जायलाच.

सर्जननी त्यांना स्टुलावर बसवलं. "हे ते आयोडीन नव्हे, मावशी. मुंबईचं गाठ जाळतं. या साध्या आयोडीननं गाठीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ती थोडे दिवस गप्प बसते, म्हणून आत्ताच कापायचं. थांबलो तर ती पुन्हा उसळेल. आणि आता मुंबईला नेलंत तरी कित्येक आठवडे गाठ तिथलं औषध घेणार नाही, तिचं पोट यानंच भरलंय."

अत्तेंनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर, मूल न्हाय झालं तरी चालंल. ही जगली पाहिजे."

माझ्याने मान वर करवेना. इतके महिने मी या बाईला उलटीच वाचत होते.

सकाळी गळ्यातलं इष्टलिंग काढायला सांगितलं; आम्ही लिंगायत, ते अंगावेगळं करत नाही. अत्तेंनी ते माझ्या दंडावर बांधलं, नर्सनं वरून पट्टी गुंडाळली आणि कुणी हरकत घेतली नाही. मी शुद्धीवर आल्यावर सर्जन म्हणाले, काहीतरी बोला. "अत्ते, भूक लागलीय," मी म्हणाले. आवाज घोगरा, पण माझाच. पुढे महिन्याभरात तो सुटा झाला आणि मी वर्गात पूर्वीसारखी ओरडू लागले.

पुढच्या थंडीत एका सकाळी चुलीपाशीच मला मळमळून आलं. दिवस गेल्याची बातमी मी नवऱ्याच्याही आधी अत्तेंना सांगितली. त्या लगबगीने उठल्या, माझ्या छातीवर तळवा टेकवून डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि ती धडधडत नाही याची खात्री झाल्यावरच हसल्या.