एकसष्टावा दिवस

कायद्यापुढे सगळे समान उभे असतात. मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होतो आणि माझे वकील माझ्याकडे पाठ करून उभे होते.

नारपोलीच्या कारखान्यात सुताचे बॉक्स कमी भरले. शेठने माझं नाव दिलं. पाड्यावरचा आदिवासी, आणखी कोणाचं देणार? पोलिसांनी भिवंडीच्या कोर्टात उभं केलं. वकील ठेवायची ऐपत नाही म्हणताच विधी सेवेचे वकीलसाहेब मिळाले. वकालतनामा काढून त्यांनी शाईचा पॅड पुढे केला. मी पेन मागितलं.

"लिहिता येतं होय?" शेजारच्या वकिलाकडे बघून ते हसले.

"साहेब, त्या दिवशी माझी ड्युटीच नव्हती."

"नंतर. आता गप्प उभा राहा."

तीन दिवस पोलीस कोठडी, मग तुरुंग. ते 'नंतर' काही आलं नाही. त्यांची नेमणूक रिमांडपुरती होती. खटल्याचा वकील दोषारोपपत्र आल्यावर मिळणार. मधल्या काळात मी कोणाचाच अशील नव्हतो. बराकीच्या भिंतीवर मात्र फलक होता : प्रत्येक बंद्याला मोफत वकील. अक्षर सुरेख होतं.

दर चौदा दिवसांनी तुरुंगातल्या व्हिडिओच्या पडद्यावर कोर्ट दिसायचं. नाव, हजर, पुढची तारीख. तेवढ्यात मी दोनदा वकील मागितला. दोन्ही वेळा पुढचा आरोपी आला.

बराकीत एक शिक्षा झालेला कैदी होता, विधी स्वयंसेवक म्हणून नेमलेला. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याने माझा रिमांडचा कागद वाचला.

"तुझ्या कलमाला साठ दिवस. तेवढ्यात चार्जशीट नाही आली, तर जामीन तुझा हक्क. पण मागावा लागतो, भाई. तू मागायच्या आधी चार्जशीट आली, तर खेळ खतम."

"वकील मागेल ना?"

"कुठला वकील?"

मी दिवस मोजू लागलो. तारीख नेमकी एकसष्टाव्या दिवशी पडली. नाव. हजर.

"साहेब, आज एकसष्टावा दिवस. दोषारोपपत्र आलेलं न्हाय. मला जामीन पायजे."

"ए, गप रे!" शेजारचा शिपाई ओरडला. "साहेबांना कायदा शिकवतो?"

"गप्पच व्हतो साठ दिवस," मी म्हणालो आणि पडद्यासमोरून हललो नाही.

न्यायाधीशांनी मान वर केली. "तुमचे वकील कुठे आहेत?"

"तेच इचारतोय, साहेब."

त्यांनी फाईल मागवली. दोषारोपपत्र नव्हतं. माझं तोंडी मागणं लिहून घेतलं, जामीन दिला, नवा वकील नेमायला सांगितलं. ऐपतदार जामीनदार आणायला भावाला आणखी एकोणीस दिवस लागले. आमच्या पाड्यावर कोणाच्याच नावावर सातबारा नाही.

खटला उभा राहील. 'कबूल कर, लवकर सुटशील' असं सांगणारे भेटतील. मी कबूल करणार नाही. आणि माझ्या वतीने कोणी बोलणार असेल, तर आधी त्याने माझ्याकडे तोंड करून माझं ऐकायचं.

नवा वकील नेमल्याचं पत्र तुरुंगाच्या पत्त्यावर गेलं. मी सुटल्यानंतर नवव्या दिवशी.