पडद्यामागचा पाऊस

कवडू मेश्रामला एका जागी बसणं म्हणून कधी जमलंच नाही. नागपूरच्या विमानतळावर रडारच्या अंधाऱ्या खोलीत त्याची चौदा वर्षं गेली, पण खुर्ची त्यानं क्वचितच तापवली. हिरव्या पडद्यापुढे उभा राहायचा, ढगांच्या डागांभोवती काचेवर पेन्सिलीनं रेघ मारायची, गच्चीवर जाऊन खरं आभाळ बघायचं, पुन्हा खाली. सोबतचे म्हणायचे, "मेश्राम, रडार फिरून राहिलं का तू?"

त्याची धाकटी बहीण सिंधूताई पारशिवनीजवळ राहायची. नवरा गेलेला, तीन एकर रान, त्यात मिरची. फाल्गुनात ती तोडून खळ्यावर वाळत घालायची, आणि वर्षाची भाकर त्या लाल पसाऱ्यावर. एक सर आली की मिरची काळी पडली, संपलं! म्हणून आभाळ भरलं की सिंधूताई गावच्या पोस्टातून दादाला फोन करायची आणि दादा म्हणेल तसं वागायची. शेजारपाजारचेही तिच्या तोंडाकडे बघायचे. कवडूला याचा कोण अभिमान! सख्ख्या भावानं यंत्रात बघून सांगितलंय, मग काय विचारता.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. तीन वाजता पांढुर्ण्यावर एक डाग उठला. कवडूनं अँटेना वरखाली करून उंची काढली, तेरा किलोमीटर. बाप रे, हा गारांचा! सरकत होता तो पारशिवनीच्या दिशेनं. पण थोड्या वेळानं अलीकडे, कळमेश्वरवर, दुसरा ढग फुगला, आणि पांढुर्ण्याचा डाग बघता बघता झिजत गेला. साडेतीनला तिथं जवळजवळ काळोखच.

तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, इथं भरून आलं. लोकं ताडपत्र्या काढून राहिले. झाकू का?"

"राहू दे वं! मोठा होता तो विरला. कळमेश्वरचा दक्षिणेकडून निघून जाते. तुमच्याकडे काही नाही."

"बरं झालं बाप्पा. सांगतो सगळ्याइले."

फोन ठेवला, आणि सुटल्यासारखं वाटायचं तर कवडूचा जीव उलट जास्तच तळमळायला लागला. तो गच्चीवर गेला, उतरला, पुन्हा पडद्याला नाक लावलं. विरलेल्या डागाची एक कडा अजून उरली होती. सरळ. पट्टी ठेवून कापल्यासारखी. आणि ती रेघ मागं धरत आणली तर नेमकी कळमेश्वरच्या ढगाच्या कडेवरून रडारपाशी येत होती.

ढग असा कापल्यासारखा कधी विरतो का? अरे लेका कवडू, हे तर तू नव्या पोरांना शिकवतोस! जवळचा जोरदार पाऊस रडारची लहर गिळून टाकतो, पलीकडे काही पोचत नाही, पोचलं तर परत येत नाही. डाग मेला नव्हता, तो आडोशाला गेला होता. बहिणीचं भलं व्हावं म्हणून कवडूनं जे बघायचं होतं तेच बघितलं.

त्यानं अर्जंट ट्रंक कॉल लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. कळमेश्वरचा ढग पूर्वेकडे सरकला तसा मागचा राक्षस अख्खाच्या अख्खा बाहेर आला, आधीपेक्षा मोठा, सावनेरच्या उत्तरेला. घाम पुसत कवडू फोनचा खटका दाबत राहिला. साडेचारला पोस्टमास्तर बाबाराव सापडले.

"बाबारावजी, सिंधूले सांगा, मिरची झाका! अर्ध्या तासात गारा येतात!"

"अगा, तिनं तर गावाले सांगितलं तुझं नाव घेऊन. लोकाइनं ताडपत्र्या घडी करून ठेवल्या!"

बाबाराव पोस्ट उघडं टाकून धावले. धावून धावून किती धावणार साठीचा माणूस? गारा सुटेपर्यंत निम्मीच खळी झाकली गेली. सिंधूताई शेजाऱ्यांच्या खळ्यांवर हाका मारत फिरली, तिची स्वतःची मिरची मात्र भिजली.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा उचलायला कवडूचा हात धजेना. चांगली शिवी देईल तर बरं, असं त्याला वाटत होतं.

"दादा, आज काय दिसते?"

त्यानं सगळं सांगितलं, जवळच्या पावसामागचं यंत्राला दिसत नाही, हे त्याला ठाऊक होतं, तरी घाईनं बोलून गेला, सगळं.

"गारा काय तू पाडल्या नाही," सिंधूताई म्हणाली. "पण मागचं दिसत नाही म्हणून, एवढंच काहून नाही सांगितलं गा? झाकलं असतं ना मी."