कोपीत वाचायचा धडा

मालनबाई पाथरीजवळच्या शाळेत सातवीला इतिहास शिकवायच्या. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापासंगे ऊस तोडायला जायचा. चौऱ्याऐंशी साली ऊसतोड्या आसारामची मुलगी गोजर निघाली. फडावरच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, शिकवणारं कोण? म्हणून बाई तिला धडे वहीत उतरवून देत होत्या. ते गोजरला एकटीला कळले नाहीत तर ती नापास होणार होती, आणि नापास पोरीला आसाराम पुन्हा शाळेत धाडणार नव्हता.

पुस्तकातल्या एका वाक्यावर बाई अडल्या. ‘वसाहतकालीन शासनाने आयात कापडावरील जकातीस समतुल्य उत्पादनशुल्क देशी गिरण्यांच्या कापडावर आकारल्याने देशी उद्योगास मिळणारे संरक्षण संपुष्टात आले.’ चिडून त्यांनी लिहिलं : इंग्रजांनी आपला कापूस फुकट नेला.

गोजर वाचून थांबली. “फुकट कसा बाई? मानवतच्या बाजारात पैसे देतेतच की. तवा बी देले असतील.”

बाईंनी ओळ खोडली. राग सोपा असतो, खरं सोपं करायला वेळ लागतो. त्या पुन्हा लिहायला बसल्या :

‘विलायतेहून कापड यायचं. सरकारला पैसा हवा होता, म्हणून त्यावर कर बसवला. त्यामुळे ते महाग झालं असतं आणि इथलं कापड जास्त खपलं असतं. विलायतेच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली. मग सरकारने इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. दोघांवर सारखा कर म्हणजे न्याय वाटतो. पण इथल्या नव्या गिरण्यांना जो आधार मिळणार होता तो गेला. आपल्याकडे तेव्हा निजाम होता. हा नियम इंग्रज मुलखातला.’

मुख्याध्यापक व्यंकटराव वही चाळून म्हणाले, परीक्षेत पुस्तकाचे शब्द लागतात, हे भाषेचं पाणी करणं बंद करा. बाईंनी वही परत घेतली आणि गोजरच्या पिशवीत घातली.

एप्रिलात गोजर परतली. ऊन लागून काळवंडलेली, वहीला पाचटाचा वास. पेपरात त्याच करावर प्रश्न आला. तिने लिहिलं : ‘एकाला कुबडी देली आन् दुसऱ्यानं वरडल्यावर काढून घेतली. दोघं सारखे दिसले, पर एकाचा पाय आधीच अधू होता.’

व्यंकटरावांनी शून्य दिलं. त्या एका उत्तरावर ती नापास होत होती.

बाई ऑफिसात गेल्या, पेपर त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, “सर, समतुल्य उत्पादनशुल्क म्हणजे काय ते गोजरला समजावून सांगा. पुस्तक मिटून.”

त्यांनी उत्तर पुन्हा वाचलं. मग म्हणाले, कुबडी कुठून आणली हिने?

“तिच्या आजाला आहे. पुस्तकात नाही.”

त्यांनी चारपैकी तीन दिले. गोजर पास झाली. एक का कापला, ते बाईंनी विचारलं. त्यांनी सांगितलं, भाषा अशुद्ध आहे.

पुढच्या दिवाळीला बाईंनी ऊसतोडीला निघालेल्या पोरांसाठी कार्बन घालून वहीच्या पाच प्रती काढल्या. गोजरचं कुबडीचं उत्तर पाचही प्रतींत तिच्याच भाषेत उतरवलं.