स्तंभ क्रमांकांची लाल ओळ

भामरागडच्या आरोग्य कार्यालयात मी संगणकावर नोंदी भरायला लागले तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. माणसं चुकतात, यंत्र चुकत नाही. चंद्रपूरला शिकलेली, टायपिंगमध्ये वर्गात पहिली आलेली, त्यामुळे नाकावर राग आणि डोक्यात हवा दोन्ही होतं. कुणी माझ्या तक्त्यात चूक दाखवली की मी आधी त्याचंच रजिस्टर मागवायची.

त्या उन्हाळ्यात साहेबांनी, म्हणजे आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, मला सगळ्या गरोदर बायांची एकच यादी करायला सांगितली. आमच्याकडे पाऊस लागला की नाले-नद्या भरतात आणि पलीकडची गावं तुटतात. म्हणून ज्यांची तारीख पावसात येते त्यांना रस्ता चालू असतानाच इकडे आणायचं आणि दवाखान्याला लागून असलेल्या माहेरघरात ठेवायचं, अशी पद्धत. माहेरघर म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. तिथे बाई बाळंत होईपर्यंत राहते, सोबत सासू नाहीतर आई.

गावागावांतून सिस्टरांची रजिस्टरं आली. मी यादी बनवली, गावाप्रमाणे लावली. सरकारी तक्ता म्हटला की त्याचं एक रूप ठरलेलं असतं. वर कार्यालयाचं नाव, मग तक्त्याचं नाव, मग रकान्यांची शीर्षकं, आणि त्यांच्याखाली एक ओळ फक्त आकड्यांची: एक, दोन, तीन, चार. स्तंभ क्रमांक. ती ओळ कशासाठी असते ते मला कुणी सांगितलं नाही, पण ती नसली तर साहेब कागद परत पाठवतात. माझ्या तक्त्यात ती चौथ्या ओळीत होती आणि पहिली बाई पाचव्या ओळीत.

मग मी हुशारी केली. तारखेच्या एफ रकान्यावर नियम लावला. बाळंतपणाची तारीख तक्त्याच्या नावाशेजारी लिहिलेल्या, पावसाळ्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या, दोन तारखांच्या मध्ये येत असेल तर त्या बाईची अख्खी ओळ आपोआप लाल होईल. शीर्षकांच्या लगेच खालून माऊस धरला आणि शेवटपर्यंत ओढला. नियम लिहिताना पहिल्या बाईची तारीख डोळ्यासमोर होती, ती एफ-पाचमध्ये, म्हणून तेच लिहिलं. एफच्या आधी डॉलरचं चिन्ह लावलं म्हणजे रकाना हलणार नाही, पाचच्या आधी लावलं नाही म्हणजे ओळ मोकळी राहील. हे मी शिकलेली होते आणि त्याचा मला भारी अभिमान होता. ओके दाबलं आणि पडद्यावर लाल पट्टे उमटले. आकड्यांची ओळसुद्धा लाल झाली. मला वाटलं, शीर्षकाजवळ आहे, शोभून दिसते.

लाल ओळी तेवढ्या वेगळ्या काढल्या, छापल्या, साहेबांची सही-शिक्का झाला आणि यादी गावोगाव गेली. दोन जीप ठरल्या. साहेब सर्वांसमोर म्हणाले, "असं काम पाहिजे." मी दिवसभर तोऱ्यात होते.

जीप निघायच्या दिवशी सकाळी एक आशाताई कार्यालयात आली. आशा म्हणजे गावातल्या बायांची आणि लेकरांची काळजी घेणारी स्वयंसेविका. हिचं गाव नाल्यापलीकडचं. चिखलाने पाय माखलेले, हातात माझीच यादी घडी घातलेली.

"बाई," ती म्हणाली, "हे तुम्ही काय करून राह्यले? आमच्या गावात पोटुशा दोघीच. जिचं नाव छापलं तिले आता कुठी पाचवा लागला. जिचे दिवस भरत आले तिचं नावच नाई."

"तुमच्या सिस्टरने तारखा उलट्या लिहिल्या असतील," मी फटकन म्हणाले. "यादी मी नाही बनवली, कॉम्प्युटरने बनवली."

"मंग त्या कॉम्प्युटरले आमच्या गावात पाठवा." ती खुर्चीवर बसली. "तिचा सासरा काय म्हणते, सांगू? सरकारच्या कागदावर सुनेचं नाव नाई, म्हंजे डाक्टरले तिची गरज वाटत नाई. मंग मी तिले नाल्यापार काऊन नेऊ, असं म्हणते. मी लय समजावलं. ऐकत नाई. मागच्या पावसात तिचं पयलं लेकरू घरीच झालं आन घरीच गेलं, बाई. आम्ही पाण्याच्या त्या बाजूले बसून राह्यलो."

माझा पारा चढलेलाच होता, पण हे ऐकल्यावर तो उतरला. मी सिस्टरचं रजिस्टर काढलं. तारीख बरोबर होती. तक्ता उघडला. तक्त्यातही तीच तारीख, नीट, ठरलेल्या दोन तारखांच्या मध्ये. आणि ओळ पांढरी. तिच्या बरोबर वरची ओळ, पाचव्या महिन्यातली बाई, लालभडक.

"हे असं कसं?" मी मोठ्याने म्हणाले. आशाताई उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली.

मी आणखी खाली गेले. एका लाल ओळीतली तारीख दिवाळीच्या सुमाराची. तिच्या खालच्या पांढऱ्या ओळीतली तारीख जुलैची. पुढची लाल ओळ पाहिली. तिथेही लाल वर आणि दिवस भरलेली बाई तिच्या खाली. प्रत्येक ठिकाणी रंग एक ओळ वर सरकलेला. यादी गावाप्रमाणे लावलेली असल्याने वरची-खालची बाई बहुतेक एकाच गावची निघायची, म्हणून गावांची नावं ठीक दिसत होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोठ्या गावांत तर तीन-चार जणी ओळीने लाल, त्यात चूक लपून गेली होती. दोनच पोटुशा असलेल्या गावात ती उघडी पडली.

मग माझी नजर सर्वांत वर गेली. एक, दोन, तीन, चार. लाल.

आकड्यांची कसली आली तारीख? ती ओळ बाळंत होणार होती की काय? इतके दिवस माझ्या डोळ्यासमोर होती, छापून सगळ्या तालुक्यात वाटली होती, आणि मला ती शोभा वाटत होती. मला स्वतःचा असा राग आला की कीबोर्ड उचलून बाहेर फेकावासा वाटला.

नियम उघडला. नियम लावलेला भाग सुरू होत होता चौथ्या ओळीपासून, आकड्यांच्या. आणि नियमात तारखेचा पत्ता लिहिलेला होता एफ-पाच. त्या भागाची जी पहिली ओळ, तिच्यासाठीच तो पत्ता धरला जातो. पुढे ओळ एक खाली गेली की पत्ताही एक खाली जातो. म्हणजे चौथी ओळ रंगायची की नाही हे पाचवीची तारीख ठरवत होती, पाचवीचं सहावी, आणि असंच शेवटपर्यंत. प्रत्येक बाई आपल्या खालच्या बाईच्या तारखेवर लाल होत होती. यंत्राने माझं म्हणणं तंतोतंत ऐकलं होतं.

"सापडलं का?" आशाताईने विचारलं.

"सापडलं. सिस्टरची चूक नाही. माझी आहे."

"मंग दुरुस्त करा ना," ती म्हणाली, जणू मी चहात साखर कमी टाकली होती.

जुना नियम पुसून टाकला. यावेळी पहिल्या बाईच्या ओळीवर बोट ठेवून तिथूनच ओढलं, आकड्यांना हात लावला नाही. नियम तोच लिहिला, एफ-पाच, रकान्याला डॉलर, ओळ मोकळी. ओके दाबलं. लाल पट्टे एकेक ओळ खाली उतरले. आकड्यांची ओळ पांढरी झाली. आशाताईने पडद्यावर बोट टेकवलं. "हे पाहा. आली माही पोरगी." तिच्या गावची, दिवस भरत आलेली ती बाई आता लाल ओळीत होती. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. असं काही मी आधी कधी अनुभवलं नव्हतं.

नवी यादी छापून मी साहेबांच्या खोलीकडे निघाले. बाहेर जीपचे ड्रायव्हर चहा पीत उभे होते, हातात जुनी यादी. मी आत गेले आणि एका दमात सांगून टाकलं: यादी चुकली, चूक माझी, नवी तयार आहे. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ओळीओळीने ताडून पाहिले. मी बोलणी खायची तयारी करून उभी होते.

"ही आकड्यांची ओळ लाल होती, ती मी पण पाहिली होती," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही सजावट केली." त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि स्वतः बाहेर जाऊन ड्रायव्हरांच्या हातातले जुने कागद काढून घेतले.

आशाताई पहिल्या जीपमध्ये पुढे बसली. कागद तिने पदरात बांधला. जाताना म्हणाली, "आता पाहतो, सासरा काय म्हणते ते."

उन्हं कलायच्या सुमाराला जीप परत आल्या. मी फाटकातच उभी होते, काम सोडून. एकेक बाई उतरत होती आणि मी यादीवर खूण करत होते, एकही राहिली नाही. शेवटी ती उतरली, पोटावर हात धरून, मागे सासू, आणि त्यांच्यामागे सासरा, खांद्यावर तांदळाची थैली. तो सरळ माझ्याकडे आला. वाचता येत नव्हतं, पण कागद ओळखत होता.

"माह्या सुनेचं नाव कुठी हाये, दाखवा."

मी दाखवलं. त्याने नावावर बोट ठेवलं, मग शिक्क्यावर. मान हलवली आणि थैली माहेरघराच्या पडवीत नेऊन ठेवली.

तीन दिवसांनी नाल्यावरचा पूल पाण्याखाली गेला. कार्यालयात बातमी आली तेव्हा मी उठून माहेरघरात गेले. पडवीत त्या सगळ्या जणी सुपं घेऊन तांदूळ निवडत होत्या, आपसात त्यांच्या माडिया बोलीत काहीतरी बोलत, हसत होत्या. मला एक शब्दही कळला नाही. मी तरी तिथे बराच वेळ बसले. त्या दिवशी मी जितकी खूश होते तितकी परीक्षेत पहिली आल्यावरही नव्हते.

तिचं बाळंतपण पुढच्या आठवड्यात भर दुपारी झालं. सिस्टर कार्यालयाच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "लिहून घ्या."

मी तक्ता उघडला. तिच्या ओळीत 'आधीचं बाळंतपण' या रकान्यात मीच उन्हाळ्यात भरलेलं होतं: घरी, बाळ दगावलं. वरची ओळ पाहिली, खालची पाहिली, तिचं नाव पुन्हा वाचलं. मग शेवटच्या रकान्यात लिहिलं: दवाखान्यात, मुलगी, जिवंत.