वहिनींचा विचार आणि माझे शेअर

थोरल्या भावाने जानेफळजवळ बियाण्याची कंपनी काढली, तेव्हा मी कॉलेजात कारकून होतो. त्याने मलाही थोडे शेअर दिले, बहुधा मी गप्प बसावं म्हणून. भाऊ गेला आणि कंपनी वहिनींनी चालवली. हलक्या, मुरमाड जमिनीत तग धरणारं आमचं तुरीचं वाण म्हणजे त्यांच्या पंधरा वर्षांच्या पायपिटीचं फळ. माझं योगदान एवढंच, की मी पेपरातलं शेअर बाजाराचं पान वाचायचो आणि म्हणून घरात अर्थतज्ज्ञ ठरलो होतो.

मग एक मोठी बियाणे कंपनी आम्हाला विकत घ्यायला आली. आमच्या एका शेअरला सहाशे रुपये रोख, किंवा त्यांचे तीन शेअर. त्यांचा शेअर तेव्हा दोनशेला होता, म्हणजे त्या दिवशी दोन्ही सारखंच. प्रत्येकाने आपापल्या फॉर्मवर काय हवं त्यावर खूण करायची.

बुलढाण्यात सीएंच्या ऑफिसात आम्ही बसलो. ते म्हणाले, रोख घेतली की तुमचा संबंध संपला. पुढे दोन कंपन्यांचं जमलं नाही, किंवा तुमच्यासाठी त्यांनी जास्त किंमत मोजली असं निघालं, तर नुकसान त्यांच्या भागधारकांचं. जमलं, तर फायदाही सगळा त्यांचाच. शेअर घेतले तर दोन्हींत तुमचा वाटा. शिवाय तीन हा आकडा पक्का आहे, भाव पक्का नाही. आणि काही महिने विकताही येणार नाहीत.

वहिनींनी फॉर्म उलटून पालटून पाहिला. मग म्हणाल्या, "त्यायच्यापाशी दुकानदार हायत, पण मुरमाडात टिकनारी तूर नाही. आपल्यापाशी तूर हाय, दुकानदार नाही. दोन्ही एक झाले तं हे वाण चार राज्यांत जाईन. मले तं शेअर घ्याव वाटते."

मी त्यांना समजावलं. तुम्ही एकट्या, पोरीचं लग्न व्हायचं, जोखीम नको, रोखच बरी. सीएंनीही मान हलवली, आणि खरं सांगायचं तर सल्ला चुकीचा नव्हता. वहिनींनी रोखीवर खूण केली. त्यांचं बघून, थोडे शेअर असलेल्या आमच्या दोन्ही चुलतभावांनीही.

माझा फॉर्म मी घरून पाठवतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शेअरवर खूण केली. मला पगार होता, जोखीम परवडत होती, हे कारण मी स्वतःला दिलं. पण खूण करताना डोक्यात वहिनींचीच वाक्यं होती, जवळजवळ शब्दशः.

शेअर आधी दीडशेवर आला. तेव्हा मला चक्क हायसं वाटलं. बसमध्ये बसल्या बसल्या मी वहिनींना सांगायचा किस्साही जुळवला: तुमचा दीर कसा शहाणा निघाला. सांगायचं राहून गेलं. मग तूर चार राज्यांत गेली, आणि दोन वर्षांत भाव साडेचारशेच्या वर.

तिथपासून सुरू झालं. कृषी केंद्रात खत घ्यायला जावं, तर रांगेतल्या प्रत्येक माणसाच्या हातात आमच्या वाणाची पिशवी, नव्या कंपनीच्या शिक्क्याची. भर दुपारी बसने राजूर घाट चढताना मागच्या सीटवर कोणी खाकरलं की ते भावाचंच खाकरणं वाटायचं. तो काहीतरी विचारण्याआधी असाच खाकरायचा. वळून बघितलं तर भलताच माणूस, मळमळत असलेला. मी त्यालाच पाणी द्यायचो आणि त्याच्याकडे बघणं टाळायचो. बायको म्हणाली, हल्ली तुम्ही ओळख नसलेल्या माणसांचीही माफी मागता.

पुतणीच्या लग्नानंतर मी वहिनींकडे गेलो. त्या सुपात डाळ पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. जे वर आलं त्यातलं निम्मं तुमचं, हेही म्हणालो. सूप थांबलं नाही.

"मले ठाऊक हाय, भाऊजी."

"कसं?"

"बुडाले असते तं त्याच आठवड्यात येऊन हासत सांगतलं असतं तुमी. भाव चढला अन् आले नाही, तवाच समजली मी."

मी निम्म्याचं पुन्हा काढलं.

"नको. खाली आले असते तं मी निम्मं भरलं असतं का? जोखीम तुमची होती, पैसे तुमचेच." डाळीतला एक खडा त्यांनी बोटाने बाजूला सारला. "रोख घेतली याचं बी मले काही नाही. लग्न झालं ना त्यात. पन भाऊजी, तुमाले माहं म्हननं पटलं होतं. ते तवा तिथं, साऱ्यायसमोर, एकडाव म्हनाले असते तं मी काय खूण करायची ते माहं मी पाह्यलं असतं."

त्यांनी चहा टाकला. मी तो पूर्ण प्यायलो, साखर नव्हती तरी बोललो नाही.

शेअर अजून तसेच आहेत. विकायला जीव होत नाही, ठेवायलाही. परवा पुन्हा बसमध्ये मागे कोणी खाकरलं. या वेळी मी वळून बघितलं नाही. भाऊ काय विचारणार, ते वहिनींनी विचारून झालं होतं.