फ्रेम चुकली तरी

धम्मपाल कांबळे माझा दोस्त, चाकणच्या कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचे प्रोग्राम लिहिणारा. घरी फावल्या वेळात गेम बनवायचा. मीच त्याला आमच्या निगडीच्या गेम कंपनीत मुलाखतीला आणला. पठ्ठ्या आधीच राजीनामा देऊन मोकळा झालेला! नोकरी मिळाली नाही तर घर कसं चालणार, याची काळजी त्याच्यापेक्षा मलाच जास्त.

मुलाखत घेणाऱ्या सुप्रिया मॅडमनी त्याला चेंडूंचा छोटा गेम दुरुस्त करायला दिला; मीही शेजारी बसलो होतो. चेंडू भिंतीतून आरपार जात होते.

"फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रासाठी, आधी बटणं वाचायची, मग चेंडू हलवायचे, मग चित्र काढायचं," धम्मपाल म्हणाला. "सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे एकीला सोळा मिलिसेकंदच. चेंडू वेगात असला की या फ्रेमला भिंतीच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे. मधे टक्कर तपासलीच जात नाही. त्याचा अख्खा मार्ग तपासायला हवा."

त्यानं तसं केलं. प्रत्येक चेंडू प्रत्येकाशी न तपासता पडद्याचे चौकोन पाडून फक्त शेजारचे तपासले. मी सुटकेचा श्वास सोडला. मग मॅडमनी हजारो चेंडू सोडले आणि गेम फटकन बंद पडला.

"प्रोग्राममध्ये ही ओळ कशाला घातली?" त्यांनी विचारलं. "फ्रेमची वेळ उलटली की सगळं बंद?"

"मशीनवर तसंच करतात, मॅडम. मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरची एक फेरी ठरल्या वेळेपेक्षा लांबली की मशीन थांबलंच पाहिजे."

"इथे खेळणारा वैतागून गेम काढून टाकेल. काढा ती ओळ."

धम्मपालचं बोट ओळ पुसायच्या बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. अरे काढ ना, भावा! मी मनातल्या मनात ओरडत होतो.

"भीती वाटते," तो म्हणाला. "कंपनीत आमच्या लाइनवर कुणीतरी ही वेळेची अट काढून टाकली होती. प्रेस थांबली नाही. प्रेसवर काम करणाऱ्या गणराजचा हात आत होता. मी समोर उभा होतो."

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"इथे आत कुणाचा हात नाही," त्या हळू म्हणाल्या. "सावकाश करा."

त्यानं ओळ पुसली. तिच्या जागी अट घातली: एका फ्रेममध्ये टकरींचं गणित ठरलेल्या संख्येइतक्याच वेळा करायचं, उरलेलं गणित सोडून द्यायचं. नाहीतर मागचं भरून काढता काढता गेम आणखी मागे पडत जातो. मग त्यानं गेम सुरू केला आणि दोन्ही हात झटक्यात छातीशी ओढून घेतले.

चेंडू मंदावले, रखडले, पण हलत राहिले.

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या.

मी आनंदानं त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. हात छातीशी धरून तो गणराजच्या किंकाळीची वाट बघत होता.